पाचशे पैजांचा हंगाम, वीस हजार वेळा

हंगामात पाचशे पैजा, प्रत्येक पैजेचे डेसिमल ऑड्स 1.91 आणि जिंकण्याचं प्रमाण 54 टक्के. सिम्युलेशनसाठी आम्ही हा हंगाम मुद्दाम निवडला, कारण अशा आकड्यांना लोक सहसा "चांगला एज आहे" म्हणतात आणि पुढचा विचार तिथेच थांबवतात. एज खरंच आहे. जिंकलात तर 0.91 युनिट मिळतं, हरलात तर 1 युनिट जातं. म्हणजे सरासरी एका पैजेमागे 0.54 × 0.91 − 0.46 = 0.0314 युनिट नफा, आणि पाचशे पैजांवर 15.7 युनिट. प्रश्न इतकाच होता, की 30 युनिट भांडवल घेऊन बसलेला माणूस या 15.7 पर्यंत पोचतो का, आणि वाटेत त्याचं काय होतं.

सिम्युलेशन लिहायला अवघड नाही. दर पैजेसाठी 0 ते 1 मधला एक यादृच्छिक आकडा काढायचा, तो 0.54 पेक्षा लहान आला तर जिंकलो, नाहीतर हरलो. असे पाचशे आकडे म्हणजे एक हंगाम. स्प्रेडशीटमध्ये `=IF(RAND()<0.54,91,-100)` हे सूत्र पाचशे ओळी खाली ओढलं आणि शेजारच्या रकान्यात बेरीज चालवली, की एक हंगाम डोळ्यांसमोर येतो. सुरुवात अशीच करावी. F9 दाबत राहिलं की दरवेळी आलेख नवा होतो, आणि एकाच एजमधून किती वेगवेगळे हंगाम निघतात ते सरासरी न काढताही कळतं. हजारो हंगामांसाठी मात्र पायथनच बरं.

```python
import numpy as np
rng = np.random.default_rng(7)
S, N = 20000, 500
p, bank = 0.54, 3000

win = rng.random((S, N)) < p
step = np.where(win, 91, -100)
path = bank + step.cumsum(axis=1)
```

इथे एक युनिट म्हणजे 100 धरलं आहे, म्हणजे सगळे हिशेब पूर्णांकात राहतात. 0.91 ची बेरीज दशांशात चालवली तर कुठेतरी 1.00 च्या जागी 0.9999999 येतं आणि "शिल्लक एका युनिटपेक्षा कमी आहे का" या प्रश्नाचं उत्तर चुकतं. असं क्वचितच होतं, पण पूर्णांक वापरले तर त्याची काळजीच उरत नाही. `default_rng` ला बीज दिलं आहे ते एवढ्यासाठी, की कोडमध्ये काही बदल केल्यावर उत्तर हललं तर ते त्या बदलामुळे हललं की नशिबामुळे, हे ओळखता यावं.

वीस हजार हंगाम का घ्यायचे, याचंही गणित आहे. शोधतो ती शक्यता 5 टक्क्यांच्या आसपास असेल, तर पाचशे हंगामांच्या सिम्युलेशनमध्ये उत्तर सहज दोन टक्के इकडेतिकडे होतं. म्हणजे 3 टक्के आणि 7 टक्के यांतला फरकसुद्धा सांगता येत नाही. वीस हजारांवर हीच चूक साधारण 0.3 टक्क्यावर येते. त्याहून जास्त हंगाम घेऊन फारसं हाती लागत नाही, कारण मोठी अनिश्चितता दुसरीकडेच दडलेली असते. तिच्याकडे पुढे येऊ.

पहिला निकाल बघायचा तो शेवटच्या रकान्याचा. पाचशे पैजांच्या शेवटी नफ्याचं प्रमाण विचलन सुमारे 21.3 युनिट निघतं, आणि सरासरी नफा आहे 15.7. नशिबाचा हेलकावा एजपेक्षा मोठा आहे. त्यामुळे जवळजवळ 22 टक्के हंगाम तोट्यात संपतात, आणि तेही खरोखर 54 टक्के जिंकणाऱ्या माणसाचे. उलट बाजूही तपासून घ्यावी: `p` च्या जागी 0.50 घालून तेच चालवलं, तर काहीही न कळणाऱ्या, नाणं उडवून पैज लावणाऱ्या माणसाचेही सुमारे 15 टक्के हंगाम नफ्यात संपतात. एका हंगामाच्या नफ्यातोट्यावरून कोणाला काय कळतं हे ठरवणं किती कच्चं आहे, ते या दोन आकड्यांत दिसतं.

मग सलग हारांची मोजणी. यासाठी आडव्या दिशेने एकेक पैज पुढे जात एक मोजणी चालू ठेवायची आणि जिंकलं की ती शून्यावर आणायची.

```python
run = np.zeros(S, dtype=int)
longest = np.zeros(S, dtype=int)
for j in range(N):
    run = np.where(win[:, j], 0, run + 1)
    longest = np.maximum(longest, run)
print((longest >= 8).mean())
```

सलग सात किंवा जास्त हारा सुमारे 69 टक्के हंगामांत येतात, आठ किंवा जास्त 41 टक्क्यांत, आणि दहा किंवा जास्त 11 टक्क्यांत. लोक सलग आठ हारांची शक्यता विचारतात तेव्हा 0.46 चा आठवा घात काढतात. तो येतो 0.002, म्हणजे पाचशेत एक. गणित बरोबर आहे, पण ते एका ठरावीक पैजेपासून सुरू होणाऱ्या रांगेचं उत्तर आहे. हंगामात अशी रांग कुठूनही सुरू होऊ शकते. हारांची प्रत्येक रांग एखाद्या विजयानंतर किंवा हंगामाच्या सुरुवातीला सुरू होते, आणि पाचशे पैजांत विजय असतात 270 च्या आसपास. शेवटच्या काही पैजांत आठाची रांग बसत नाही हे धरलं, तर संधी पाचशे नाहीत, साधारण 267 आहेत. 267 ला 0.002 ने गुणलं की 0.53 येतं, हंगामात सरासरी इतक्या वेळा आठाची रांग लागते. ती एकदा तरी लागण्याची शक्यता 1 − e^(−0.53), म्हणजे साधारण 41 टक्के. सिम्युलेशनचं उत्तर या हातगणिताशी जुळलं, तरच पुढे जायचं. जुळत नसेल तर बहुतेक वेळा मोजणी शून्यावर आणणारी ओळ चुकलेली असते, किंवा `win` चा रकाना आणि ओळ यांची अदलाबदल झालेली असते.

ऑड्स मोठे झाले की हे चित्र पार बदलतं. ऑड्स 4.0 आणि जिंकण्याचं प्रमाण 26 टक्के घेतलं, तर एका पैजेमागचा सरासरी नफा 0.04 युनिट होतो, आधीपेक्षा जास्त. पण एका पैजेचं प्रमाण विचलन 0.95 वरून 1.75 वर जातं, आणि हंगामातली सगळ्यात लांब हारांची रांग साधारण सतरा-अठराची असते. तेच 30 युनिट भांडवल इथे 25 टक्क्यांहून जास्त हंगामांत साफ होतं. एज वाढलेला असूनही. म्हणून "एज किती" या प्रश्नाबरोबर "कोणत्या ऑड्सवर" हेही विचारल्याशिवाय भांडवलाचा आकडा ठरवता येत नाही.

सलग हारांपेक्षा जास्त पैसे खातं ते ड्रॉडाउन: आत्तापर्यंतच्या सर्वोच्च शिल्लकेपासून झालेली सगळ्यात मोठी घसरण. आठ हारांच्या रांगेत आठ युनिट जातात, ते दिसतं आणि लक्षात राहतं. पण मोठी घसरण बहुधा एका रांगेत होत नाही. दोन हारा, एक विजय, तीन हारा, एक विजय, अशी ती दीडशे-दोनशे पैजांवर पसरते. मोजताना एक जपावं लागतं. `path` मध्ये सुरुवातीचं भांडवल नसतं, पहिली नोंद पहिल्या पैजेनंतरची असते. ते भांडवल शिखर म्हणून धरलं नाही, तर हंगामाच्या सुरुवातीलाच लागलेली घसरण थोडी कमी मोजली जाते.

```python
peak = np.maximum(np.maximum.accumulate(path, axis=1), bank)
dd = (peak - path).max(axis=1) / 100
print(np.percentile(dd, [50, 95]))
```

आमच्या हंगामासाठी मधला आकडा 18 युनिटच्या आसपास येतो, आणि वीसांतल्या सगळ्यात वाईट हंगामात घसरण 35 च्या घरात जाते. म्हणजे पूर्ण हंगामात मिळणाऱ्या सरासरी नफ्यापेक्षा मोठी घसरण ही निम्म्याहून जास्त हंगामांत होते. नफ्यात संपलेले हंगाम वेगळे काढून त्यांचे आलेख बघावेत, असं आम्ही आवर्जून सांगू. त्यांतही महिनोन्महिने सपाट किंवा उतरते पट्टे दिसतात.

आता दिवाळं निघण्याची शक्यता. इथे व्याख्या आधी नक्की करावी लागते. पुढची एक युनिटची पैज लावण्याइतकी शिल्लक उरली नाही, म्हणजे शिल्लक 1 युनिटच्या खाली गेली, की दिवाळं. हे हंगामात कधीही घडलं तरी ते दिवाळंच. नंतर सावरायला तो माणूस खेळात राहिलेला नसतो. सिम्युलेशनला मात्र हे आपोआप कळत नाही. ते शिल्लक उणे झाल्यावरही निवांत पैजा लावत राहतं, आणि काही हंगाम त्या खड्ड्यातून वर येऊन नफ्यातसुद्धा संपवतं. म्हणून पूर्ण वाटेवर कुठेही रेषा ओलांडली गेली का, हे तपासायचं:

```python
broke = (path < 100).any(axis=1)
print(broke.mean())
print((path[:, -1] < 100).mean())
```

पहिली ओळ साधारण 5 टक्के देते. दुसरी, फक्त शेवटची शिल्लक बघणारी, 2 टक्क्यांहूनही कमी. फरक तिपटीचा आहे, आणि दुसरा आकडा दिसायला इतका शहाणा असतो की त्यावर संशय येत नाही. कोणी आपल्या सिम्युलेशनचा फार कमी धोका दाखवला, तर आधी `any` कुठे आहे ते विचारावं. हंगामाच्या शेवटी मिळणाऱ्या नफ्याची सरासरी काढतानाही हेच: दिवाळं निघालेल्या हंगामांची शिल्लक त्या क्षणी गोठवायची, पुढचे विजय त्यांच्या नावावर लावायचे नाहीत.

भांडवल बदलून पाहिलं की धोका सरळ रेषेत कमी होत नाही. 20 युनिटवर दिवाळ्याची शक्यता 15-16 टक्के, 30 वर 5, 40 वर जेमतेम 1 टक्क्याच्या वर, आणि 50 वर 0.3 टक्के. दर दहा युनिटमागे धोका साधारण एकतृतीयांश किंवा त्याहूनही कमी होत जातो. याचं कारण सूत्रात दिसतं: कितीही पैजा लावत राहिलं तर कधी ना कधी दिवाळं निघण्याची शक्यता साधारण e^(−2mB/v) असते, जिथे m हा एका पैजेचा सरासरी नफा, v हे व्हेरियन्स आणि B भांडवल. 0.0314, 0.906 आणि 30 घातलं की 12.5 टक्के येतं. हंगाम पाचशेवरच थांबतो म्हणून आपल्याला 5 मिळतात. हंगामामागून हंगाम त्याच 30 युनिटवर, नफा काढून न घेता आणि पैज न वाढवता खेळलं तर आकडा 12.5 कडे सरकत जातो. `N` वाढवून हे पडताळता येतं, आणि सिम्युलेशन बरोबर लिहिलं आहे की नाही याची ती उत्तम तपासणी आहे.

इथवर आलं की बरेच जण 5 टक्के हा आकडा कागदावर लिहून थांबतात. पण हा 5 टक्क्यांचा आकडा एका गृहीतकावर उभा आहे: जिंकण्याचं प्रमाण 54 टक्के आहे हे आपल्याला ठाऊक आहे. ते आलं कुठून? बहुधा मागच्या पाचशे पैजांच्या नोंदीतून, 270 जिंकल्या आणि 230 हरल्या. पण पाचशे नोंदींवरून काढलेल्या 54 टक्क्यांची प्रमाणित चूक सव्वादोन टक्के आहे. खरं प्रमाण 52 असणं अजिबात अशक्य नाही, आणि 1.91 वर नफातोटा सम होण्याचं प्रमाणच 52.4 टक्के आहे. `p` च्या जागी 0.52 घालून तेच सिम्युलेशन चालवलं की 30 युनिटवरची दिवाळ्याची शक्यता 5 वरून साधारण 21 टक्क्यांवर जाते. वीस हजारांऐवजी वीस लाख हंगाम चालवून दशांशानंतरचे आकडे पक्के करण्यात वेळ का घालवू नये, ते इथे कळतं.

यावर उपाय असा, की प्रत्येक हंगामासाठी `p` वेगळा काढायचा, मागच्या नोंदीत जितकी अनिश्चितता आहे तितकीच तो हलू द्यायचा.

```python
p_s = rng.beta(270, 230, size=(S, 1))
win = rng.random((S, N)) < p_s
```

`size=(S, 1)` यातला 1 महत्त्वाचा आहे. तिथे `N` लिहिलं, तर दर पैजेला नवा `p` निघतो, आणि पाचशे पैजांत ते वरखाली होऊन पुन्हा सरासरी 54 वर येतात. उत्तर जुनं 5 टक्केच मिळतं आणि आपण अनिश्चितता मोजली असा समज होतो. खरी परिस्थिती वेगळी असते. आपला अंदाज चुकला असेल तर तो पूर्ण हंगामभर चुकलेला असतो, दर पैजेला नव्याने नव्हे. हंगामाला एक `p` घेतला की 30 युनिटवरची शक्यता 11 टक्क्यांच्या आसपास जाते, दुपटीहून जास्त. तिला परत 5 वर आणायला भांडवल साधारण 40 युनिट लागतं. वाढ अशी का होते तेही समजून घ्यावं: प्रमाण दोन टक्क्यांनी जास्त निघालं तर धोका 5 वरून जवळपास शून्यावर येतो, म्हणजे पाच गुणांचा फायदा, दोन टक्क्यांनी कमी निघालं तर 21 वर जातो, सोळा गुणांचा तोटा. दोन्ही बाजू एकमेकींना फेडत नाहीत.

यातही एक ढिलाई उरते. 54 टक्क्यांची नोंद आपण पुढे वापरायला घेतली, ती चांगली दिसली म्हणून. वाईट दिसली असती तर बाजूला टाकली असती. अशा निवडून घेतलेल्या नोंदीत नशिबाचा वाटा सरासरीपेक्षा जास्त असतो, म्हणून ती थोडी खाली ओढणं रास्त आहे. आम्ही नोंदीत नफातोटा सम असलेल्या पाचशे काल्पनिक पैजा मिसळतो: 262 विजय आणि 238 हारा. मग `rng.beta(532, 468, size=(S, 1))` होतं आणि मधलं प्रमाण 53.2 टक्के. वरवर पाहता एक टक्क्याहूनही कमी फरक, पण एका पैजेमागचा नफा 0.0314 वरून 0.0161 वर, म्हणजे अर्ध्यावर येतो, आणि 30 युनिटवर दिवाळ्याची शक्यता 13-14 टक्के होते. काल्पनिक पैजा किती मिसळायच्या याला एकच उत्तर नाही. नोंद करण्याआधीच पद्धत ठरलेली होती आणि मध्ये एकही पैज गाळली नाही, असं असेल तर कमी; बऱ्याच पद्धती तपासून त्यांतली सगळ्यात चांगली उचलली असेल तर पाचशेसुद्धा अपुऱ्या.

हे सगळं प्रत्येक पैज दुसरीपासून स्वतंत्र आहे असं धरून. एकाच सामन्यावर दोन-तीन पैजा असतील, किंवा एकाच अंदाजावर आधारलेल्या अनेक पैजा एकाच दिवशी लागत असतील, तर त्या एकत्र जिंकतात आणि एकत्र हरतात. चार-चारच्या गटांत परस्परसंबंध 0.3 धरला, तर व्हेरियन्स 1 + 3 × 0.3, म्हणजे 1.9 पट होतो. अशा वेळी पाचशे पैजांचा हंगाम प्रत्यक्षात अडीचशे-पावणेतीनशे पैजांइतकाच माहितीचा राहतो, धोका मात्र पूर्ण पाचशेचा. सगळ्यात सोपी वाट म्हणजे स्वतःच्या नोंदीतून एकेक पैज न उचलता पूर्ण दिवस उचलून नवे हंगाम जुळवायचे. दिवसातला संबंध जसा आहे तसा त्यात येतो.

सिम्युलेशनचा उपयोग हंगाम सुरू झाल्यावरही होतो, तो मध्यावर तपासणी ठेवण्यासाठी. दोनशेव्या पैजेचा रकाना, `path[:, 199]`, घेऊन त्याची पाच टक्क्यांची रेषा काढायची. खरा 54 टक्केवाला दोनशेत 96 किंवा कमी पैजा जिंकतो असं सुमारे 5 टक्के हंगामांत होतं; तेव्हा तो किमान 16.6 युनिट तोट्यात असतो. नाणं उडवणाऱ्याच्या बाबतीत हेच 31 टक्के हंगामांत होतं. म्हणून दोनशेवर 96 च्या वर असाल तर सलग किती हारा लागल्या याने पैजेचा आकार बदलायचा नाही, आणि 96 किंवा खाली असाल तर त्या दोनशे नोंदी जुन्या पाचशेत मिळवून `beta` चे आकडे नव्याने घालायचे आणि युनिट नव्या उत्तराप्रमाणे लहान करायचं. ही तपासणीची पैज आधीच लिहून ठेवावी लागते. दर पैजेनंतर रेषा बघत बसलं तर हंगामात कुठे ना कुठे ती ओलांडली जाण्याची शक्यता 5 टक्क्यांच्या कितीतरी वर जाते, आणि ती किती वर जाते हेही याच `path` वर प्रत्येक रकान्याची रेषा घेऊन आणि `any` लावून मोजता येतं.